जाहिरात बंद केली, तरी पैसे का कापले गेले?

दिवाळीच्या फराळासाठी लावलेली इन्स्टाग्रामची जाहिरात भाऊबीज उलटून तीन आठवडे झाले तरी चालूच असते, आणि दुकानदाराला ते कळतं बँकेच्या मेसेजवरून. मग बहुतेक जण एकच गोष्ट करतात. यूपीआय ॲप उघडतात, ऑटोपेमध्ये जातात, तिथली परवानगी रद्द करतात आणि सुटलो म्हणून गल्ल्यावर बसतात. मी दुकानांचे हिशेब लिहितो, आणि पुढच्या महिन्यात माझ्याकडे जे कागद येतात त्यातला बराच गोंधळ या एका पावलातून निघालेला असतो. ऑटोपे रद्द केल्याने पैसे वसूल होणं थांबतं, जाहिरात थांबत नाही. जाहिरात चालू राहते, तिचा खर्च चढत राहतो, आणि वसुली न झालेली ती रक्कम दुकानाच्या नावावर थकबाकी म्हणून उभी राहते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी जाहिरात बंद करायची, मग झालेला खर्च चुकता करायचा, मग बिलं उतरवून घ्यायची, आणि त्यानंतरच ऑटोपेला आणि खात्याला हात लावायचा. हा क्रम असाच का, ते कळायला आधी ही बिलं बनतात कशी ते पाहावं लागतं.

उधारीची वही

फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणारी मेटा आणि गूगल, दोघांकडे पैसे भरायच्या साधारण दोन पद्धती आहेत. पहिलीत आधी पैसे भरायचे आणि ते संपेपर्यंत जाहिरात चालवायची. यात धोका कमी, कारण शिल्लक संपली की जाहिरात आपोआप थांबते. दुसऱ्या पद्धतीत आधी जाहिरात चालते आणि पैसे नंतर कापले जातात. कार्ड किंवा ऑटोपे जोडून ठेवलेल्या दुकानांचं खातं सहसा या दुसऱ्या पद्धतीचं असतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

ही दुसरी पद्धत म्हणजे वाण्याकडची उधारीची वही. रोजचं सामान वहीत मांडलं जातं. ठरलेली रक्कम चढली की वाणी पैसे मागतो, आणि तेवढी चढली नाही तर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी जे असेल ते मागतो. या ठरलेल्या रकमेला थ्रेशोल्ड म्हणतात. नव्या खात्याला ती लहान असते, पैसे वेळेवर मिळत गेले की कंपनी ती वाढवत नेते. गूगलमध्ये महिन्याचा दिवस १ तारीख आहे. मेटामध्ये प्रत्येक खात्याची आपली बिलाची तारीख असते आणि ती बिलिंगच्या पानावर दिसते.

याचा अर्थ असा की तुम्ही जाहिरात ज्या क्षणी बंद करता, त्या क्षणी वहीत काही ना काही मांडलेलं असतंच. थ्रेशोल्ड गाठला नसेल तर ती रक्कम तेव्हा कापली जात नाही, दोन-तीन आठवड्यांनी कापली जाते. दुकानदाराला वाटतं, आपण बंद केलं तरी हे पैसे काढतायत. खरं तर तो आधीच्या दिवसांचा खर्च असतो.

एका फराळाच्या दुकानाचा हिशेब

आकड्यांनी हे पटकन समजेल. समजा, चिपळूणमधल्या एका फराळाच्या दुकानाने १ ऑक्टोबर २०२५ ला दोन जाहिराती लावल्या. इन्स्टाग्रामवर चकली-चिवड्याच्या पोस्टचा बूस्ट, रोज ३०० रुपये. गूगलवर ‘फराळ ऑर्डर’ शोधणाऱ्यांना दिसणारी जाहिरात, रोज सरासरी २५० रुपये. बूस्ट लावताना शेवटची तारीख न टाकता ‘थांबवेपर्यंत चालू ठेवा’ हा पर्याय निवडला गेला. भाऊबीज २३ ऑक्टोबरला झाली आणि जाहिरात आठवली १४ नोव्हेंबरला.

मधले २२ दिवस. मेटाचे २२ गुणिले ३००, म्हणजे ६,६०० रुपये. गूगलचे २२ गुणिले २५०, म्हणजे ५,५०० रुपये. दोन्ही मिळून १२,१०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,१७८. फराळ संपल्यावरच्या जाहिरातीवर १४,२७८ रुपये गेले. एवढ्या पैशात लहान दुकानाचा एखाद्या कामगाराचा महिन्याचा पगार निघतो, म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

हे पैसे परत मागता येतील का? जाहिरात दाखवली गेली असेल, लोकांनी ती पाहिली असेल, तर नाही. तुम्हीच चालू ठेवलेल्या जाहिरातीचा तो खर्च आहे. गूगल खोट्या, यंत्राने केलेल्या क्लिकचे पैसे स्वतःहून खात्यात जमा करतं, पण विसरलो म्हणून परतावा मिळत नाही.

आता १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी दोन्ही जाहिराती बंद केल्या असं धरू. मेटाच्या खात्याचा थ्रेशोल्ड २,००० रुपये आहे आणि तो शेवटचा ११ तारखेला गाठला गेला, तेव्हा पैसे कापले गेले. त्यानंतर १४ पर्यंत ९८० रुपयांचा खर्च वहीत चढला. खात्याची बिलाची तारीख २८ आहे. म्हणजे २८ नोव्हेंबरला ९८० अधिक १७६.४० जीएसटी, एकूण १,१५६.४० रुपये कापले जाणार. गूगलमध्ये १ ते १४ नोव्हेंबरचा खर्च ३,४२० रुपये, थ्रेशोल्ड ५,०००, म्हणून अजून काही कापलं नाही. १ डिसेंबरला ३,४२० अधिक ६१५.६०, एकूण ४,०३५.६० रुपये जाणार.

बंद केल्याच्या दिवशीच हे दोन आकडे आणि दोन तारखा कागदावर लिहून ठेवल्या, तर २८ तारखेला आणि १ तारखेला घाबरायचं कारण राहत नाही. त्याच दिवशी आलेला मेसेज या आकड्यांशी जुळतो का तेवढं बघायचं. दोन-चार रुपयांचा फरक असेल तर तो उशिरा मोजल्या गेलेल्या क्लिकचा असतो. शंभर-दोनशेचा फरक असेल किंवा तारीखच वेगळी असेल, तर कुठे तरी आणखी एखादी जाहिरात चालू आहे असं समजायचं.

एक गोष्ट आणखी. रोज २५० म्हणजे रोज बरोबर २५० नव्हे. गूगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत, इथे ५०० रुपयांपर्यंत खर्च करू शकतं. महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या रकमेच्या ३०.४ पट, इथे ७,६००. मेटासुद्धा एखाद्या दिवशी जास्त खर्च करतं, पण आठवड्याची बेरीज रोजच्या रकमेच्या सातपटीवर जाऊ देत नाही, इथे २,१००. म्हणून एका दिवसाचा खर्च बघून फसवणूक झाली असं ठरवू नका, आठवड्याची किंवा महिन्याची बेरीज बघा. जाहिरात महिन्याच्या मध्यात बंद करणाऱ्याला हे जास्त जाणवतं. बंद करण्याआधीचे दोन-तीन दिवस जास्त खर्चाचे निघाले, तर पुढचे कमी खर्चाचे दिवस ती बेरीज खाली आणायला उरतच नाहीत.

जाहिरात नेमकी कुठे बंद करायची

इन्स्टाग्रामवरून बूस्ट केलेली पोस्ट त्याच ॲपमध्ये सापडते. दुकानाच्या प्रोफाइलवर `Professional dashboard`, त्यात `Ad tools`, आणि तिथे चालू असलेली जाहिरात. पण एवढ्यावर थांबू नका. संगणकावर `adsmanager.facebook.com` उघडा. इन्स्टाग्रामवरून लावलेली, फेसबुक पेजवरून लावलेली आणि थेट ॲड्स मॅनेजरमधून लावलेली, अशा जाहिराती तिथे एका यादीत दिसतात. `Campaigns` या पहिल्या टॅबवर प्रत्येक ओळीसमोर निळं बटण असतं, ते बंद करायचं आणि `Delivery` या रकान्यात `Off` आलं का ते बघायचं. कॅम्पेन बंद केलं की त्याच्या पोटातल्या सगळ्या जाहिराती थांबतात. आतली एकच जाहिरात बंद करून शेजारची चालू राहणं ही नेहमीची चूक आहे, म्हणून वरच्या पातळीवरच बंद करावं.

त्याच पानावर वर डावीकडे ॲड अकाउंटचं नाव असतं. त्यावर दाबून यादी उघडा. पुष्कळ दुकानांची दोन खाती निघतात: एक पहिल्यांदा बूस्ट केलं तेव्हा मालकाच्या वैयक्तिक प्रोफाइलला आपोआप तयार झालेलं, आणि दुसरं नंतर कोणी तरी ‘व्यवस्थित’ म्हणून काढून दिलेलं. दोन्हीत डोकवावं.

गूगलमध्ये `ads.google.com` वर कॅम्पेनच्या नावाशेजारी हिरवा ठिपका असतो. तिथे `Pause` आणि `Remove` असे पर्याय येतात. `Pause` निवडा. `Remove` केलेलं कॅम्पेन पुन्हा चालू करता येत नाही, आणि पुढच्या दिवाळीला कोणत्या शब्दांवर किती क्लिक आले होते ते हाताशी असलेलं बरं. इथेही दोन खात्यांची शक्यता असते. गूगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीतून जाहिरातीचं बटण दाबलेलं असेल, तर त्यातून एक वेगळं खातं उघडलेलं असू शकतं, आणि ते ज्या जीमेलने उघडलं तो आयडी दुकानाच्या नेहमीच्या आयडीपेक्षा निराळा असू शकतो.

गूगलच्या कूपनबद्दल इथेच सांगतो. ‘इतका खर्च करा, तेवढंच क्रेडिट मिळवा’ अशा योजनेवर पुष्कळ दुकानं जाहिरात सुरू करतात. क्रेडिट संपलं की जाहिरातही थांबेल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. क्रेडिट संपल्यावर खर्च सरळ जोडलेल्या कार्डावर जायला लागतो. बंद करताना उरलेलं क्रेडिट रोख परतही मिळत नाही.

फोनमधून ॲप काढून टाकलं, पासवर्ड बदलला, पेजवर पोस्ट टाकणं थांबवलं, यातल्या कशानेही जाहिरात बंद होत नाही. ती कंपनीच्या सर्व्हरवर चालते, तुमच्या फोनवर नाही.

पुतण्याचं खातं

सगळ्यात अवघड प्रकरण असतं ते जाहिरात दुसऱ्याच्या लॉगिनमधून चालत असण्याचं. दुकानात बसणाऱ्या पुतण्याने त्याच्या फेसबुकवरून बूस्ट केलेलं असतं, कार्ड दुकानाचं, आणि पुतण्या आता नोकरीसाठी बंगळुरूला. काकांच्या फोनमध्ये ॲड्स मॅनेजर उघडला तर तिथे काहीच दिसत नाही, आणि पैसे मात्र जात असतात.

अशा वेळी बँकेचं स्टेटमेंट हाच धागा असतो. मेटाची कपात बऱ्याचदा `FACEBK *` आणि पुढे अक्षरं-आकड्यांचा एक कोड अशी येते. गूगलची `GOOGLE*ADS` आणि पुढे आकडे अशी येते, आणि ते आकडे जाहिरात खात्याच्या ग्राहक क्रमांकाचे असतात, तोच दहा आकडी क्रमांक जो गूगल ॲड्सच्या पानावर वर उजवीकडे दिसतो. मेटाचा कोड ज्या खात्यातून खर्च झाला त्या खात्याच्या `Payment activity` मध्ये त्या कपातीसमोर लिहिलेला असतो. तेव्हा पुतण्याला फोन करून ‘जाहिरात बंद कर’ एवढंच सांगू नका. ‘अमुक तारखेची कपात, हा कोड, तुझ्या खात्यात ही ओळ दिसते का बघ’ असं विचारा. दिसली तर खातं सापडलं. नाही दिसली तर ते खातं आणखी कोणाचं तरी आहे, आणि पुतण्यावर उगाच राग काढायचा वाचला.

घरात, दुकानात, जुन्या कामगारांमध्ये कोणाकडेच ते खातं सापडत नसेल, तर कोणी तरी तुमचं कार्ड चोरून वापरतंय असं धरून चाला. तेव्हा मात्र क्रम उलटा. आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि मग कंपनीच्या मदत केंद्रात अनोळखी कपातीची तक्रार टाका.

पण जाहिरात स्वतःचीच असेल, तर बँकेत ‘हा व्यवहार मी केला नाही’ अशी तक्रार करू नका. बँकेने पैसे तात्पुरते परत दिले तरी कंपनीच्या दृष्टीने ती न भरलेली रक्कम होते आणि जाहिरात खातं निलंबित होतं. पुढच्या गणपतीत त्याच दुकानासाठी जाहिरात लावायची म्हटलं की ते आडवं येतं.

एजन्सीमार्फत जाहिरात होत असेल तर आधी एक प्रश्न विचारा: प्लॅटफॉर्मचं बिल कोणाच्या नावे येतं? एजन्सीच्या नावे येत असेल, तर तुमचा हिशेब फक्त एजन्सीशी आहे, आणि बंद करायची सूचना त्यांना लेखी, तारखेसकट द्यायची. त्यांचं शेवटचं बिल हे त्या तारखेपर्यंतच्या खर्चाचं आणि करारात लिहिलेल्या नोटीस काळाच्या फीचं असेल. खर्चाच्या भागासाठी त्यांच्याकडून ॲड्स मॅनेजरमधला तारीखवार अहवाल मागा, नुसती एका ओळीची रक्कम घेऊ नका. खातं तुमच्या नावावर आणि एजन्सीला फक्त प्रवेश दिलेला असेल, तर आधी कॅम्पेन बंद करा, अहवाल घ्या, आणि मग मेटाच्या बिझनेस सेटिंगमधल्या `Partners` मधून आणि गूगलच्या `Access and security` मधून त्यांचा प्रवेश काढा.

थकबाकी भरणे

जाहिराती थांबल्या. आता २८ तारखेची आणि १ तारखेची वाट बघायची की आजच पैसे भरून मोकळं व्हायचं? मी आजच भरा असं सांगतो. मेटामध्ये `Billing & payments` या पानावर देय रक्कम दिसते आणि तिथेच `Pay now` असतं. गूगलमध्ये `Billing` मधल्या `Summary` पानावर `Make a payment`. एक दिवस जाऊ द्या, म्हणजे उशिरा मोजलेला खर्चही त्यात येईल, आणि मग दिसेल ती रक्कम भरा. चिपळूणच्या दुकानाने १५ किंवा १६ नोव्हेंबरला असं केलं, तर पुढच्या दोन्ही तारखांना कापायला काही उरत नाही.

ऑटोपे आधीच रद्द करून बसलेल्यांचं काय होतं, तेही पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून वारंवार होणाऱ्या कपातीसाठी ग्राहकाची एकदा घेतलेली परवानगी लागते, कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि ती परवानगी ग्राहक केव्हाही मागे घेऊ शकतो. हे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, आणि ओटीपीशिवाय होणाऱ्या कपातीची मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० वरून १५,००० रुपये झाली. ग्राहकासाठी हे नियम चांगलेच आहेत. पण परवानगी मागे घेणं हा तुमच्या आणि बँकेच्या मधला मामला आहे. कंपनीला फक्त एवढंच कळतं की पैसे मागितले आणि मिळाले नाहीत.

मग कंपनी पुन्हा प्रयत्न करते, ईमेल पाठवते, आणि शेवटी खात्यातल्या जाहिराती थांबवून थकबाकी दाखवत ठेवते. ही ईमेल अशा पत्त्यावर जातात जो पत्ता खातं उघडताना दिला होता आणि आता कोणी बघत नाही. दुकानदाराला वाटतं सगळं मिटलं. वर्षाने नवी जाहिरात लावायला जावं तर समोर लाल पट्टी, आधी जुनी रक्कम भरा. तुमच्याबाबतीत असं झालं असेल तर घाबरू नका. त्याच खात्यात जाऊन `Pay now` ने भरलं की सहसा अडथळा दूर होतो. नवं खातं काढून जुनं टाळायचा प्रयत्न मात्र करू नका, त्याने नवं खातंही अडकू शकतं.

इथेच आणखी एक कुलूप लावून ठेवता येतं. मेटाच्या बिलिंग पानावर पूर्ण खात्याची खर्चमर्यादा ठरवता येते, तिला `Account spending limit` म्हणतात. आजवरच्या खर्चाच्या जरा वर ही मर्यादा ठेवली, तर उद्या कोणी चुकून बूस्टचं बटण दाबलं तरी खर्च तेवढ्यावर अडतो. दुकानात दोन-तीन जणांच्या हातात फोन जात असेल, तर हे आवर्जून करा.

बिलं उतरवल्याशिवाय खातं बंद करू नका

आता माझ्या टेबलावरचा भाग. बँकेचा मेसेज म्हणजे बिल नव्हे, आणि ‘पेमेंट मिळालं’ अशी पावती म्हणजेही कर-बिल नव्हे. जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घ्यायला कर-बिल लागतं आणि त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक लागतो. मेटाची बिलं `Payment activity` मधून तारखा निवडून उतरवता येतात, गूगलची `Billing` मधल्या `Documents` मधून. गूगलचं कर-बिल महिना संपल्यावर तयार होतं. म्हणजे १४ नोव्हेंबरला जाहिरात बंद केली आणि १६ ला पैसे भरले, तरी नोव्हेंबरचं बिल डिसेंबरच्या पहिल्या काही दिवसांतच हाती येणार. तोवर त्या खात्याचं लॉगिन हातचं जाऊ देऊ नका. जाहिरात बंद झाली म्हणून त्या आठवड्यात एजन्सीचा माणूस लॉगिन घेऊन गेला आणि शेवटच्या महिन्याचं बिल कायमचं अडकलं, असं होताना मी पाहिलं आहे.

बिल उघडून तीन गोष्टी बघा: दुकानाचं नाव, जीएसटी क्रमांक आणि बिलाचा काळ. क्रमांक नसेल तर त्या बिलाचं क्रेडिट तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला बनणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, दिसणार नाही, आणि तिथे नसलेलं क्रेडिट घेता येत नाही. खात्यात आता क्रमांक भरला तर तो पुढच्या बिलांना लागतो. जुनी बिलं बदलून मिळतील असं धरून चालू नका. म्हणून जाहिरात बंद करायचं ठरलं असलं तरी, शेवटचं बिल बनायच्या आधी क्रमांक भरा. आपल्या उदाहरणात नुसत्या शेवटच्या दोन रकमांवरचा कर १७६.४० आणि ६१५.६०, म्हणजे ७९२ रुपये आहे. कंपोझिशन योजनेतल्या दुकानांना हे क्रेडिट मिळत नाही, त्यांच्यासाठी पूर्ण रक्कम जाहिरात खर्चात धरायची.

क्रेडिट घ्यायला मुदतही आहे. ज्या आर्थिक वर्षाचं बिल, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं असेल तर तोपर्यंत. नोव्हेंबर २०२५ चं बिल २०२५-२६ मध्ये येतं, म्हणून ते ३० नोव्हेंबर २०२६ च्या आत वापरावं लागेल.

खातं कायमचं बंद करायची घाई मी करायला सांगत नाही. हंगामी धंदा असेल तर कॅम्पेन थांबवलेलं आणि थकबाकी शून्य असलेलं खातं तसंच पडून राहिलं तर त्याचा खर्च काही नाही. दुकानच बंद होत असेल किंवा पुन्हा जाहिरात करायचीच नसेल, तर गूगलमध्ये खात्याच्या सेटिंगमधून `Cancel my account`, आणि मेटामध्ये ॲड अकाउंटच्या सेटिंगमधून ते निष्क्रिय करायचा पर्याय आहे. बंद करताना काही देय उरलं असेल तर ते तेव्हा किंवा नंतर काही दिवसांत कापलं जातं, म्हणून ऑटोपे तोवर राहू द्यायचं. गूगलमध्ये आधी भरलेले स्वतःचे पैसे शिल्लक असतील तर खातं रद्द केल्यावर ते परत मिळतात, त्याला काही आठवडे लागू शकतात, आणि ज्या बँक खात्यातून भरले ते खातं तोवर चालू असावं लागतं.

नुसतं कार्ड काढून टाकायला गेलात तर ते सहसा जमत नाही. खात्याला जोडलेलं एकमेव कार्ड असेल तर ‘आधी दुसरं जोडा’ असं उत्तर येतं. हा तांत्रिक बिघाड नाही, उधारी चालू असलेल्या खात्याला वसुलीचा मार्ग लागतो म्हणून ते तसं आहे. खातं निष्क्रिय केलं आणि थकबाकी शून्य झाली की कार्डही सुटतं.

आणि आता, सगळ्यात शेवटी, ऑटोपे. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत मेटा किंवा गूगलच्या नावाची परवानगी शोधून ती रद्द करा. कार्डावरची असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये ई-मँडेटची यादी असते. तिथे दोन परवानग्या दिसल्या, तर दुसरी कोणत्या खात्याची ते आधी वरच्या कोडच्या पद्धतीने शोधा आणि मगच रद्द करा, कारण ती त्या राहून गेलेल्या दुसऱ्या ॲड अकाउंटची असू शकते.

चिपळूणच्या दुकानाच्या वहीत शेवटी अशी नोंद राहील: १६ नोव्हेंबर, मेटा, १,१५६.४०, पैकी कर १७६.४०. त्याच दिवशी गूगल, ४,०३५.६०, पैकी कर ६१५.६०, बिल डिसेंबरमध्ये यायचं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गूगलचं बिल उतरवून त्याचा क्रमांक या नोंदीशेजारी लिहिला, २८ नोव्हेंबर आणि १ डिसेंबरला बँकेतून काही गेलं नाही हे स्टेटमेंटवर पाहिलं, की ऑटोपे रद्द करायला हरकत नाही.